पाच चॅट उघडे असताना सगळ्यात जास्त वेळ कोण थांबलंय ते कसं ओळखायचं

मुंबईत दोन दिवस सलग पाऊस लागला की डिलिव्हरीच्या गाड्या अडकतात, टेक्निशियन पोचत नाहीत आणि चॅटवर सगळे एकदमच येतात. अशा वेळी फ्लोअरवर एक चूक रोज दिसते. जो कस्टमर 'हॅलो', 'आहे का कोणी', 'रिप्लाय द्या' असं पाठवत राहतो त्याला पटापट उत्तरं मिळतात, आणि ज्याने एकच नीट प्रश्न विचारून मोबाईल बाजूला ठेवला तो यादीत खाली खाली जातो, मग वीस मिनिटांनी एक स्टार देऊन निघून जातो. ही चूक आळशी एजंटची नाही बरं का, फास्ट टायपिंगवालेच जास्त करतात, कारण ते यादीत वरून खाली कामाला लागतात आणि यादी बहुतेक वेळा शेवटच्या मेसेजप्रमाणे लावलेली असते.

खालची उदाहरणं घरगुती उपकरणं विकणाऱ्या दुकानाच्या चॅट डेस्कची घेतली आहेत, टूल तुमचं कुठलंही असो.

## १. शिफ्टच्या आधी: टूल नक्की काय मोजतंय ते तपासा

चॅटच्या नावासमोर '४ मि.' असं दिसतं ना, ती चार मिनिटं कशाची ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. काही टूलमध्ये शेवटचा मेसेज येऊन झालेली वेळ असते (मग तो मेसेज कस्टमरचा असो की तुमचा), काहींमध्ये चॅट सुरू झाल्यापासूनची, आणि थोड्याच टूलमध्ये खरी पाहिजे ती, म्हणजे कस्टमरला उत्तर न मिळाल्यापासूनची.

टीएलला विचारण्यापेक्षा स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे:

१. स्वतःच्या मोबाईलवरून कंपनीच्या साइटवर टेस्ट चॅट उघडा, तो स्वतःकडेच घ्या आणि एक प्रश्न पाठवा.
२. दोन मिनिटं काहीच करू नका. मग मोबाईलवरूनच 'हॅलो?' पाठवा आणि स्क्रीनवरचा आकडा बघा. शून्यावर आला तर तो शेवटच्या मेसेजपासून मोजतोय, म्हणजे कस्टमर जितका ओरडेल तितका तो कमी थांबलाय असं दिसणार.
३. आता एजंटकडून 'एक मिनिट, बघते' पाठवा. आकडा गायब झाला किंवा शून्यावर आला का? बऱ्याच टूलमध्ये असं होतं. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, टप्पा ३ मध्ये हीच नडते.
४. टेस्ट चॅट दुसऱ्या एजंटकडे ट्रान्सफर करा आणि त्याच्या स्क्रीनवर आकडा शून्यापासून सुरू होतो का ते बघा.

मग यादीची क्रमवारी बदला. Intercom वापरत असाल तर इनबॉक्सच्या वर क्रमवारीत `Waiting longest` असा पर्याय आहे, तो लावा. त्याच्या मागे `waiting_since` नावाची वेळ असते. तुमच्या उत्तरानंतर कस्टमर पहिल्यांदा बोलला तेव्हापासून ती मोजते, आणि तुम्ही काहीही पाठवलं की रिकामी होते. दुसऱ्या टूलमध्ये असा पर्याय सापडला नाही तर निदान जुनं वर, नवं खाली अशी क्रमवारी लावा. परफेक्ट नाही, पण ओरडणारा वर येणं तरी थांबतं.

आणखी एक, 'पाच मिनिटांपूर्वी' असं न दाखवता घड्याळाची वेळ दाखवायची सेटिंग असेल तर ती चालू करा. आणि ती वेळ आपलीच आहे ना बघून घ्या, कारण बाहेरच्या देशातल्या अकाउंटवर टूल कधी कधी त्यांची वेळ दाखवतं.

तपासा: कागद आणि पेन टेबलवर आहे का? नोटपॅडची खिडकी चॅटच्या मागे लपते, कागद लपत नाही.

## २. पहिली छाननी: आता बोलायची पाळी कुणाची?

उघडे असलेले सगळे चॅट म्हणजे सगळे थांबलेले कस्टमर असं नाही. प्रत्येक चॅट उघडून एकच बघायचं, पुढचा मेसेज कुणी पाठवायचाय. तीनच शक्यता असतात.

तुम्ही. कस्टमरने विचारलंय किंवा तुम्ही मागितलेली माहिती दिली आहे. हा थांबलाय.

कस्टमर. तुम्ही मॉडेल नंबर मागितलाय, तो फ्रीजच्या मागे वाकून शोधतोय. हा थांबलेला नाही, तुम्ही थांबलाय.

तिसराच कुणीतरी. अकाउंट्स, गोडाऊन, कुरिअर. कस्टमरच्या नजरेने बघितलं तर हा तुमच्यासाठीच थांबलाय, त्याला अकाउंट्सशी काही घेणंदेणं नाही.

सगळा घोळ तिसऱ्या गटात होतो, कारण एजंट त्याला मनातल्या मनात दुसऱ्या गटात टाकून मोकळा होतो. Zendesk मध्ये यासाठी वेगवेगळे स्टेटस आहेत, `Pending` म्हणजे कस्टमरच्या उत्तराची वाट बघतोय आणि `On-hold` म्हणजे तिसऱ्या कुणाची. आपल्याकडे बोलताना मात्र जे काही राहिलंय त्या सगळ्याला पेंडिंगच म्हणतात, आणि मग अकाउंट्सकडे अडकलेला चॅट पण `Pending` मध्ये जाऊन पडतो. तिथे ऑटोमेशन लावलं असेल तर 'तुमचं उत्तर आलं नाही म्हणून चॅट बंद करत आहोत' असा मेसेज त्या बिचाऱ्या थांबलेल्या माणसालाच जातो.

> सावधान: नुसतं 'ओके', 'थँक्यू' किंवा अंगठा आला म्हणून चॅट संपला असं धरू नका. त्याच्या वरचा मेसेज वाचा. तुम्ही काही करून देतो म्हणाला होता आणि त्यावर तो ओके म्हणाला असेल तर पाळी अजून तुमचीच आहे.

## ३. खरी थांबण्याची वेळ काढा

नियम एका वाक्याचा आहे: कस्टमरच्या ज्या पहिल्या मेसेजला अजून कामाचं उत्तर मिळालेलं नाही, त्या मेसेजची वेळ. शेवटच्या मेसेजची नाही, पहिल्या.

यासाठी चॅटमध्ये खालून वर जायचं. 'हॅलो', '??', 'सर' हे सगळं ओलांडत तुमच्या शेवटच्या मेसेजपर्यंत या. तुमचा तो मेसेज खरंच उत्तर होता का बघा. 'थँक्यू फॉर युअर पेशन्स', 'मी तपासते', 'दोन मिनिटं द्या' ही उत्तरं नाहीत, टूल त्यांना उत्तर समजतं तो भाग वेगळा. तसा मेसेज असेल तर त्याच्याही वर जा आणि खऱ्या प्रश्नाची वेळ कागदावर लिहा. बॉटने दिलेलं 'आम्ही लवकरच तुमच्याशी जोडले जाऊ' हे पण उत्तर नाही.

कागदावर प्रत्येक चॅटची एक ओळ, त्यात तीन गोष्टी: ओळखीचा शब्द, थांबल्याची वेळ, आणि वचन दिलं असेल तर ते कितीचं. नावं लिहू नका, एका शिफ्टमध्ये तीन पाटील आणि दोन शेख येतात. 'रिफंड', 'बिल', 'गीझर' असं लिहा. फोन नंबर, पत्ता कागदावर नकोच, बऱ्याच फ्लोअरवर कागदालाच परवानगी नसते, तिथे टूलमधली इंटर्नल नोट वापरा आणि तीच सगळ्यात वर पिन करा.

वचनाची वेळ का, तर 'दोन मिनिटं द्या' म्हटल्यावर टूलच्या हिशेबी तुम्ही सुटलात, पण कस्टमर घड्याळाकडे बघायला लागला. म्हणून 'दोन मिनिटं' म्हणायचंच नाही, त्याऐवजी जमेल अशी ठरावीक वेळ द्या: 'अकाउंट्सला विचारलंय, ६:३५ पर्यंत तुम्हाला इथेच कळवते, उत्तर आलं नाही तरी कळवते.' टूलमध्ये स्नूझ असेल तर त्याच वेळेचा लावा.

## ४. एक प्रसंग सोडवून बघू

संध्याकाळचे ६:४२ झालेत. स्क्रीनवर चार चॅट आहेत आणि पाचवा आत्ताच ट्रान्सफर होऊन आलाय. यादी नेहमीसारखी ताज्या मेसेजप्रमाणे लावलेली.

सगळ्यात वर गीझर. कस्टमरने ६:३८ ला 'माझी ऑर्डर कुठे आहे' विचारलं, मग ६:३९, ६:४० आणि ६:४१ ला 'हॅलो', '??', 'कोणी आहे का'. लाल ठिपक्यात चार मेसेज.

त्याखाली वॉशिंग मशीन, ६:४१ ला पहिल्या टीमकडून ट्रान्सफर. स्क्रीनवर दिसतंय १ मिनिट.

मग बिल. तुम्ही ६:३३ ला ईमेल मागितला, त्यांनी ६:३४ ला दिला आणि गप्प.

मग मिक्सर. तुम्ही ६:३० ला मॉडेल नंबर मागितला, त्यांचं उत्तर नाही.

आणि तळाला रिफंड. प्रश्न ६:२४ चा. ६:२६ ला तुम्ही 'पाच मिनिटांत बघून सांगते' म्हणालात, त्या 'ओके' म्हणाल्या, ६:२७ ला तुम्ही 'थँक्यू'. शेवटचा मेसेज तुमचा, म्हणून समोर आकडाच नाही.

वरून खाली काम करणारा आधी गीझरवाल्याकडे जाणार, आणि 'जुनं वर' लावणारा रिफंडनंतर मिक्सरला 'तुम्ही आहात का' विचारत बसणार. आता आपल्या पद्धतीने बघा. मिक्सर बाजूला काढा, पाळी त्यांची आहे. वॉशिंग मशीनचा चॅट वर सरकवून वाचा: माणसाने ६:१९ लाच लिहिलंय की मशीनमध्ये पाणी तसंच साचलंय, मधल्या एजंटने ऑर्डर नंबर घेऊन नुसतं पुढे ढकललं. म्हणजे तो २३ मिनिटं थांबलाय, १ नाही. रिफंडवाल्या ताई १८ मिनिटं, आणि दिलेलं वचन ६:३१ चं होतं ते ११ मिनिटं उलटून गेलंय. बिल ८ मिनिटं. आणि जो सगळ्यात जास्त दिसतोय तो गीझर, फक्त ४.

कामाचा क्रम असा:

६:४२, वॉशिंग मशीन. हे लांबणारं काम आहे, पण पहिली ओळ यालाच. 'तुम्ही वर लिहिलेलं वाचलं, मशीनमध्ये पाणी साचलंय, ऑर्डर नंबर परत द्यायची गरज नाही. आधी मशीनचा प्लग काढून ठेवा आणि मागचा ड्रेन पाइप कुठे दुमडलाय का बघा.' आता पाळी त्यांची झाली आणि ती पण खऱ्या कामाने झाली, नुसतं थांबवून नाही.

६:४३, रिफंड. अकाउंट्सच्या ग्रुपवर बघितलं तर उत्तर ६:३६ लाच येऊन पडलंय, रिफंड गेलाय, यूपीआयचा १२ आकडी रेफरन्स नंबर पण दिलाय. सात मिनिटं ते उत्तर कुणी उघडलंच नाही, कारण स्क्रीनवर रिफंडसमोर काही चमकत नव्हतं. नंबर पाठवा, उशिराबद्दल एक ओळ, आणि हा नंबर बँकेला दाखवता येतो हे सांगा.

६:४४, बिल. परत पाठवायचं बटण, एका मिनिटात संपलं.

६:४५, गीझर. ट्रॅकिंग उघडा, ट्रक भिवंडीच्या गोडाऊनमधून निघालेला नाही तर तसंच स्पष्ट सांगा, 'लवकरच' नको.

६:४६, परत वॉशिंग मशीन, एव्हाना पाइप बघून झाला असेल.

काही टीएल म्हणतात आधी पाचही जणांना 'तपासतोय' टाका. रिपोर्टमध्ये फर्स्ट रिस्पॉन्स टाइम छान दिसतो, मान्य, पण तुम्ही एका मिनिटात पाच वचनं देऊन बसता आणि सगळे आकडे गायब करून टाकता, मग कोण किती थांबलंय ते स्क्रीनवरून कळायचा मार्गच बंद. माझ्या मते ज्याच्यापर्यंत पुढच्या तीन-चार मिनिटांत पोचणारच आहात त्याला रिकामी ओळ पाठवू नये.

## ५. रांग कधी मोडायची

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांमधून कुणाला तरी आधी आत घेतात तसंच इथे आहे, पण कारण पाहिजे. माझ्या यादीत दोनच कारणं आहेत.

एक, धोका. गीझरमधून ठिणगी, मशीनला हात लावल्यावर झटका, जळका वास. थांबल्याची वेळ न बघता पहिला मेसेज यालाच: हात लावू नका, मेन स्विच बंद करा. नंतर बाकी.

दोन, ज्याची वेळ खरोखर निघून जातेय असं काम. डिलिव्हरीवाला सोसायटीच्या गेटवर उभा आहे आणि वॉचमन सोडत नाहीये. तीन मिनिटांनी तो निघून जाईल.

म्हणून ओरडणाऱ्याकडे पूर्ण दुर्लक्ष पण करायचं नाही. त्याचा पहिला अनुत्तरित मेसेज पाच सेकंदात वाचा. ठिणगी किंवा गेट नसेल तर तो आपल्या नंबरावर. 'मी मॅनेजरला ओळखतो', 'ट्विटरवर टाकेन' यामुळे नंबर बदलत नाही, ती टीएलला द्यायची केस आहे.

> सावधान: व्हॉट्सअॅपचे चॅट त्याच यादीत येत असतील तर तिथे कस्टमरच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासांची खिडकी असते. ती संपली की साधा मेसेज जात नाही, फक्त मंजूर झालेला टेम्पलेट जातो. कालचा अडकलेला चॅट असेल तर खिडकी किती वाजता बंद होतेय ते आधी बघा.

## ६. फेरी मारत राहा

क्रम एकदा लावला आणि संपलं असं नसतं, दर दोन मिनिटांनी तो जुना होतो. एका चॅटमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त बुडायचं नाही. लांब उत्तर लिहायचं असेल तर अर्ध्यात पाठवा ('आधी हे एक करून बघा'), बाहेर या, यादीवर नजर, कागदावर नजर, परत आत.

फेरीत कागद का बघायचा, तर तिसऱ्या गटातले चॅट स्क्रीनवर स्वतःहून कधीच वर येत नाहीत. वचनाची वेळ झाली आणि अकाउंट्सचं उत्तर नसेल तरी मेसेज जायलाच हवा: 'अजून उत्तर आलेलं नाही, मी परत विचारलंय, ६:५० ला पुन्हा सांगते.' कागदावर वचनाची वेळ बदला, थांबल्याची वेळ मात्र खोडू नका, ती ६:२४ च राहते. इथे भरपूर जण चुकतात, नवं वचन दिलं की माणूस नव्याने रांगेत आला असं धरतात.

किती चॅट झेपतात? खऱ्या अर्थाने तुमच्या पाळीचे तीन, फार तर चार. पहिल्या गटात चार माणसं असताना पाचवा वाजला तर टूलमध्ये स्वतःला बिझी करा आणि टीएलला सांगा. क्यूमध्ये थांबलेल्याला दुसरा एजंट तरी उचलू शकतो, तुमच्याकडे येऊन पडलेल्याला कुणीच उचलत नाही.

एंटर मारण्याआधी तपासा: वरचं नाव कोणाचं, ऑर्डर नंबरचे शेवटचे चार आकडे जुळतात का, आणि पेस्ट केलेल्या मजकुरात आधीच्या कस्टमरचं काही राहिलंय का. घाईत क्रम लावताना रिफंडचा नंबर बिलवाल्याला जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण ती दुसऱ्याची माहिती असते आणि मेसेज परत घेता आला तरी वाचलेलं परत घेता येत नाही.

## ७. ब्रेक आणि शिफ्ट बदल

चहाला जाताना स्टेटस बदललं की नवे चॅट थांबतात, उघडे असलेले तुमच्याच नावावर बसून राहतात. पंधरा मिनिटांचा ब्रेक असेल तर पाच मिनिटं आधीच नवे चॅट बंद करा, पहिला गट रिकामा करा, आणि तिसऱ्या गटाला ब्रेक संपल्यानंतरची वेळ द्या.

शिफ्ट सुटताना ७:१२ ची फास्ट पकडायची घाई असते हे मलाही माहितेय, पण नुसतं ट्रान्सफरचं बटण दाबून पळू नका, कारण टप्पा १ मध्ये बघितलंत तसं समोरच्याच्या स्क्रीनवर आकडा शून्यापासून सुरू होऊ शकतो. ट्रान्सफरच्या आधी इंटर्नल नोट टाका, समजा रिफंडचं उत्तर आलंच नसतं तर इतकीच:

'६:२४ पासून थांबल्यात. यूपीआय रिफंड हवाय. अकाउंट्सला ६:२८ ला विचारलं, उत्तर नाही. कस्टमरला ७:१५ सांगितलंय. ऑर्डर नंबर घेतलेला आहे, परत विचारू नका.'

थांबल्याची वेळ पहिल्या ओळीत, कारण नवीन माणूस पहिलीच ओळ वाचतो. आणि ज्याच्याकडून तुम्हाला अशी नोट न येता चॅट आला, त्याचा चॅट उघडताच आधी तळापासून वर पहिल्या प्रश्नापर्यंत जा, वेळ काढा, नोट स्वतः लिहा, मगच नमस्कार म्हणा.

कस्टमरलाही एक ओळ जायला हवी, की आता दुसरं कुणी बोलेल, तुमचं सगळं त्यांच्याकडे दिलंय आणि ७:१५ चं ठरलेलं तसंच आहे. ही ओळ पाठवल्यावर टूलवरचा आकडा पुन्हा गायब होईल, म्हणून नोट टाकून झाल्यानंतरच ही ओळ पाठवायची, आधी नाही.